रिकामे अक्षरही बोलते : वेदमंत्रांची प्रत करताना



आपल्यापैकी अनेकांच्या घरी पुरुषसूक्ताचे एखादे पान असते. कुणाकडे ते आजोबांच्या पोथीतले असते, कुणाकडे झेरॉक्स केलेले, तर कुणाच्या मोबाइलमध्ये कुणीतरी पाठवलेले. ते पान आज पूजेच्या वेळी हातात घ्या आणि पहिल्याच शब्दाकडे नीट पाहा. अक्षरांच्या खाली काही आडव्या रेघा दिसतील. काही अक्षरांच्या डोक्यावर लहानशी उभी रेघ दिसेल. काही अक्षरांना मात्र वरही काही नसेल आणि खालीही नसेल. आज आपण या रेघांविषयी बोलणार आहोत. त्याहून अधिक बोलणार आहोत ते त्या कोऱ्या अक्षरांविषयी.

हा विषय मी निवडला त्याला कारण माझी स्वतःची एक चूक आहे. ती आधी सांगतो.

एका प्रतीची गोष्ट

काही वर्षांपूर्वी आमच्या साप्ताहिक पठणासाठी पुरुषसूक्ताची प्रत तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. जुने पुस्तक समोर ठेवून मी संगणकावर मजकूर उतरवला आणि रेघाही दिल्या. पण छापून पाहिले तेव्हा काही ठिकाणी रेघ रफारावर चढलेली होती, काही ठिकाणी वेलांटीत अडकली होती, तर काही ठिकाणी खालची रेघ उकारावर बसून नुसता काळा डाग झाला होता. पान स्वच्छ दिसावे म्हणून मी अशा 'वाईट दिसणाऱ्या' रेघा काढून टाकल्या. बाकीच्या ठेवल्या. मनात म्हटले, बहुतेक तर आहेतच! चाळीस प्रती काढल्या, वाटल्या, आणि आम्ही आठ महिने त्यावरून पठण केले.

एकदा एक वृद्ध वैदिक गुरुजी आमच्या पठणाला आले. पहिलाच शब्द ऐकून त्यांनी हात वर केला आणि पान मागून घेतले.

"ही प्रत कुणी केली?" त्यांनी विचारले.

"मी केली, गुरुजी."

"इथे 'स्र'वरची रेघ कुठे गेली?"

"रेघ नीट बसत नव्हती, म्हणून तेवढी जागा कोरी ठेवली."

गुरुजी रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "बाळ, कोरी ठेवलीस असे तुला वाटते. या लिपीत कोरे काहीच नसते. तू तिथे दुसरेच काही लिहिलेस."

त्या वाक्याचा अर्थ मला त्या दिवशी पूर्ण कळला नव्हता. पुढे त्यांच्यापाशी बसून तो एका शब्दावर शिकलो. तोच शब्द आज आपण पाहू या.

एक शब्द, पाच अक्षरे

पुरुषसूक्ताचा पहिला शब्द ऋग्वेदाच्या पोथीत असा लिहिलेला असतो :

स॒हस्र॑शीर्षा॒

यात पाच अक्षरे आहेत : स, ह, स्र, शी, र्षा. खुणा मात्र तीनच आहेत. 'स'च्या खाली आडवी रेघ, 'स्र'च्या वर उभी रेघ आणि 'र्षा'च्या खाली पुन्हा आडवी रेघ. 'ह' आणि 'शी' कोरे आहेत.

आता यांचे अर्थ पाहा. खालची आडवी रेघ म्हणजे अनुदात्त. तिथे आवाज खाली उतरतो. वरची उभी रेघ म्हणजे स्वरित. आज प्रचलित असलेल्या पाठात तिथे आवाज वर जातो. मग उदात्त कुठे आहे? व्याकरणात ज्याला उंच स्वर म्हटले आहे, ज्याच्यावर शब्दाचा सगळा तोल असतो, त्या उदात्ताला या पद्धतीत खूणच नाही. तो कोरा लिहितात. या शब्दात 'ह' हे अक्षर उदात्त आहे.

मग 'शी'सुद्धा उदात्त का नाही? तेही कोरेच आहे. याचे उत्तर त्याच्या आधी काय आहे यात सापडते. 'ह'च्या आधी खालची रेघ आहे. खालच्या रेघेनंतर आलेले कोरे अक्षर उदात्त असते. 'शी'च्या आधी वरची रेघ आहे. स्वरितानंतर येणाऱ्या कोऱ्या अक्षरांना प्रचय म्हणतात. मूळचे ते अनुदात्तच, पण स्वरितामागून येतात म्हणून त्यांचा आवाज खाली न उतरता एका पातळीत राहतो. पुन्हा खालची रेघ येईपर्यंत हा प्रचय चालू राहतो.

म्हणजे दोन अक्षरे सारखीच कोरी आहेत, पण एक शब्दाचा प्राण आहे आणि दुसरे त्याच्या मागे शांतपणे चालणारे आहे. कोणते कोण, हे त्या कोऱ्या अक्षरावर लिहिलेले नाही. ते शेजाऱ्याच्या रेघेवर लिहिलेले आहे.

आता माझी चूक पाहा. मी 'स्र'वरची एक उभी रेघ काढली. राहिले ते असे :

स॒हस्रशीर्षा॒

नियमाने वाचायचे तर 'स'च्या खालच्या रेघेनंतर ह, स्र, शी ही तीन कोरी अक्षरे येतात. म्हणजे तिन्ही उदात्त! एका शब्दात सामान्यतः एकच उदात्त असतो, इथे माझ्या प्रतीने तीन करून ठेवले. रेघ एकच गेली, पण तीन अक्षरांचे वाचन बिघडले. ऐकताना काय झाले? जिथे आवाज वर जायला हवा होता तिथे तो सपाट राहिला. आठ महिने चाळीस माणसे तो शब्द सपाट म्हणत होती.

शेवटच्या अक्षराखालची रेघ तर आणखी काही शिकवते. 'र्षा' हेही स्वरितानंतरच आले आहे. मग तेही 'शी'सारखे कोरे का नाही? कारण पुढचा शब्द 'पुरुषः' आहे आणि त्यातले 'पु' उदात्त आहे. उदात्त येण्याच्या लगेच आधी आवाज मुद्दाम खाली उतरतो, म्हणून 'र्षा'च्या खाली रेघ आली. ती रेघ दिसते 'र्षा'पाशी, पण वर्दी देते 'पु'ची. पदपाठात हेच शब्द सुटे म्हणतात. तिथे पुढे उदात्त नसल्यामुळे या शब्दाच्या शेवटी ती रेघ नसते.

समजा, झेरॉक्समध्ये ही एक रेघ पुसली गेली. मग 'र्षा' प्रचयात मिसळते आणि त्याच्या पाठोपाठ 'पु'सुद्धा प्रचयासारखे वाचले जाते. रेघ एका शब्दाखालची गेली आणि उदात्त दुसऱ्या शब्दाचा हरवला. साधकहो, कुणाच्या तरी खाली ओढलेली एक बारीक रेघ शेजाऱ्याचे स्थान सांगत असते. ती काढताना आपल्याला वाटते की आपण एकाच अक्षराला हात लावला.

गुरुजींच्या वाक्याचा अर्थ हा होता. ज्या लिपीत सर्वांत मोठी गोष्ट कोरेपणाने सांगितली जाते, तिथे खूण गळाली की केवळ उणीव राहत नाही, चुकीचे विधान तयार होते. म्हणूनच अर्धवट खुणांच्या प्रतीपेक्षा एकही खूण नसलेली प्रत अधिक प्रामाणिक असते. ती पाहताच कळते की इथे स्वर दिलेले नाहीत, दुसरीकडे विचारले पाहिजे. अर्धवट प्रत मात्र विश्वास संपादन करते आणि मग चुकवते.

त्वष्ट्याचा शब्द

स्वराने अर्थ पालटतो याची एक कथा आपल्या परंपरेत फार जुनी आहे. तैत्तिरीय संहितेत ती येते, आणि व्याकरण का शिकावे हे सांगताना पतंजलींनी महाभाष्याच्या आरंभी तिचा उल्लेख केला आहे. इंद्राने त्वष्ट्याचा पुत्र विश्वरूप याला मारले. दुःखाने आणि क्रोधाने त्वष्ट्याने यज्ञ केला. इंद्राला मारणारा वाढो, असे त्याला म्हणायचे होते. त्याने 'इन्द्रशत्रु' हा शब्द उच्चारला. अक्षरे बरोबर होती. स्वर चुकला.

कथा आपण ऐकलेली असते, पण चूक नेमकी कुठे झाली हे डोळ्यांनी पाहिलेले नसते. वेदाच्या खुणांनी हा शब्द दोन तऱ्हांनी लिहून पाहू या.

इ॒न्द्र॒श॒त्रुः : पहिल्या तिन्ही अक्षरांखाली रेघ आहे आणि शेवटचे अक्षर कोरे, म्हणजे उदात्त. हा तत्पुरुष समास झाला. अर्थ : इंद्राला मारणारा.

इन्द्र॑शत्रुः : आरंभीचे 'इ' कोरे आणि दुसऱ्या अक्षरावर उभी रेघ. आरंभीचे कोरे अक्षर उदात्त असते, म्हणून इथे उदात्त 'इ'वर आला. हा बहुव्रीहि झाला. अर्थ : इंद्र ज्याला मारणारा आहे तो.

त्वष्ट्याच्या तोंडून दुसरा उच्चार झाला. वृत्र जन्मला, वाढला आणि इंद्राच्याच हातून मारला गेला. दोन्ही रूपांत अक्षर ना अक्षर सारखे आहे. सगळा फरक तीन आडव्या रेघा आणि एक उभी रेघ यांच्यात आहे.

ही कथा ऐकून घाबरायचे नाही. आपल्या पठणात एक स्वर चुकला म्हणून देव कोपणार नाही. कथेत शिकायचे ते वेगळेच आहे. त्वष्ट्याची इच्छा तीव्र होती, यज्ञ यथासांग होता, तरी शब्दाने अर्थ दिला तो उच्चारलेल्या स्वराचा, मनातल्या हेतूचा नव्हे. 'माझा भाव चांगला होता' हे मीही गुरुजींना म्हणणार होतो. भाव चांगलाच होता, पण चाळीस जणांच्या हातात गेली ती माझी प्रत होती.

खूण तीच, अर्थ निराळा

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. वर सांगितलेली वाचण्याची रीत ऋग्वेदाची आहे, आणि तैत्तिरीय संहितेतही ती मुख्यतः अशीच आहे. पण सर्व ग्रंथांत खुणा एकाच अर्थाने येत नाहीत. मैत्रायणी संहितेत अक्षराच्या डोक्यावरची उभी रेघ उदात्त दाखवते. शतपथ ब्राह्मणात अक्षराखालची आडवी रेघच उदात्त दाखवते. सामवेदात तर अक्षरांवर रेघांऐवजी आकडे असतात.

म्हणजे ऋग्वेदात जी आडवी रेघ 'खाली उतर' म्हणते, तीच शतपथात 'इथे उदात्त आहे' म्हणते. म्हणून एका ग्रंथाची रीत शिकून दुसऱ्या ग्रंथाची प्रत 'सुधारायला' बसणारा माणूस सर्वांत जास्त नुकसान करतो. पुरुषसूक्ताच्या बाबतीत तर ही काळजी रोजचीच आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात त्याच्या सोळा ऋचा आहेत, तैत्तिरीय आरण्यकातल्या पाठात अठरा. दोन पुस्तकांतून थोडे-थोडे घेऊन केलेली प्रत कोणत्याच परंपरेची राहत नाही. प्रत करण्याआधी पानाच्या माथ्यावर लिहावे : कोणत्या वेदाचा, कोणत्या शाखेचा पाठ आणि कोणत्या पुस्तकातून.

आणखी एक खूण अशी आहे की ती हमखास बळी पडते. ऋग्वेदाच्या पानावर मध्येच शब्दाच्या पोटात १ किंवा ३ असा आकडा दिसतो आणि त्याला वर-खाली दोन्ही रेघा असतात. उदाहरणार्थ, 'अप्सु' आणि 'अन्तः' यांचा संधी होतो तेव्हा असे लिहितात :

अ॒प्स्व१॒॑न्तः

तो ऋचेचा क्रमांक नाही आणि छपाईची चूकही नाही. संधीने तयार झालेल्या स्वतंत्र स्वरितानंतर लगेच उदात्त आला की आवाज एक हेलकावा घेतो. त्याला कंप म्हणतात. स्वर ऱ्हस्व असेल तर १ लिहितात, दीर्घ असेल तर ३. उत्साही लेखनिक हा आकडा 'चुकून आलेला' समजून काढून टाकतो आणि पान स्वच्छ केल्याचे समाधान मानतो. ते समाधान मला चांगले ठाऊक आहे.

जुने लेखनिक काय करीत

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात ऋग्वेदाची ३० हस्तलिखिते आहेत. युनेस्कोने २००७ मध्ये जागतिक स्मृतिग्रंथाच्या नोंदीत त्यांचा समावेश केला. त्यांपैकी एक काश्मीरच्या भूर्जपत्रावर शारदा लिपीत आहे, बाकीची कागदावर देवनागरीत. वेदाच्या पोथ्यांत एक प्रथा सर्रास दिसते. अक्षरे काळ्या शाईने आणि स्वरांच्या खुणा लाल शाईने. यात शोभा आहेच, पण कामाची रीतही आहे. लेखनिक आधी ओळीतली अक्षरे पुरी करी. मग लेखणी बदलून, दुसरी शाई घेऊन, पुन्हा पहिल्या अक्षरापासून केवळ खुणांसाठी हात फिरवी. अक्षर लिहिताना मन अर्थाकडे धावते, हात पुढच्या शब्दावर जातो आणि खूण मागे राहते. दुसऱ्या फेरीत खुणांखेरीज दुसरे काही करायचेच नसते.

पोथी पूर्ण झाली की अनेक लेखनिक शेवटी अशा आशयाचे लिहीत की जसे पाहिले तसेच उतरवले आहे, शुद्ध असो की अशुद्ध, दोष मला देऊ नये. हे वाचून आपल्याला हसू येते. पण त्यात मोठा विनय आहे. समोरच्या प्रतीत चूक वाटली तरी ती आपल्या बुद्धीने बदलायची नाही, ही शिस्त त्यात आहे. आपल्या मराठीतही हा संस्कार आहे. संत एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि या ग्रंथात स्वतःची ओवी घालणे म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी ठेवणे होय, असे बजावून ठेवले. नाथांसारखा कवी, पण ज्ञानदेवांच्या शब्दात स्वतःचा शब्द मिसळू दिला नाही.

आपण प्रत करू तेव्हा

आता आपल्या घरची गोष्ट. इंदूर असो, बडोदे असो की बेळगाव, आपल्या अनेक मंडळांत कुणी ना कुणी सूक्ताचे पान उतरवून इतरांना पाठवत असते. पाणिनीय शिक्षेत अधम पाठकांची जी यादी आहे, तिच्यात नुसते लिहिलेले पाहून म्हणणाराही येतो. वेद कानाने शिकायचा, हे खरेच आहे. पण आज अनेकांपर्यंत गुरूच्या आधी पान पोहोचते. जिथे शिकवणारा भेटत नाही तिथे ते पानच त्याच्या जागी बसते. म्हणून ते खरे असले पाहिजे.

संगणकावर खुणा कशा द्याव्यात? अनेक जण खालच्या रेघेसाठी अक्षर अधोरेखित करतात आणि वरच्या रेघेसाठी अवतरणचिन्ह वापरतात. दिसायला ते ठीक दिसते. पण अधोरेखन ही केवळ सजावट असते, मजकुराचा भाग नसते. तो मजकूर दुसरीकडे साधा म्हणून चिकटवला की सर्व अनुदात्त एका क्षणात नाहीसे होतात. त्यासाठी युनिकोडमध्ये स्वतंत्र खुणा आहेत : खालची रेघ `U+0952` आणि वरची उभी रेघ `U+0951`. एक गंमत लक्षात ठेवावी. `U+0951` या खुणेच्या अधिकृत नावात 'उदात्त' हा शब्द आहे, पण ऋग्वेदात आणि यजुर्वेदात ती बहुतेक स्वरितासाठीच वापरली जाते. नाव पाहून ती उदात्त अक्षरावर ठेवली तर सगळे पान उलटेल. तैत्तिरीय पाठातल्या दोन उभ्या रेघांसाठी `U+1CDA` ही वेगळी खूण आहे. उभी रेघ दोनदा टंकून तिचे काम भागवू नये.

खूण दिल्यावर ठिपक्यांचे वर्तुळ किंवा रिकामी चौकट दिसली, तर मजकूर बहुधा चुकलेला नसतो. वापरलेल्या टंकाला ती खूण येत नसते, किंवा विसर्ग-अनुस्वार आणि स्वराची खूण यांचा क्रम त्याला मानवत नसतो. अशा वेळी टंक बदलून पाहावा, क्रम तपासावा. खूण काढू नये. मी केले ते नेमके हेच होते.

छापताना दोन ओळींत नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवावे. ओळी जवळ आल्या की वरच्या ओळीतली आडवी रेघ खालच्या ओळीच्या शिरोरेघेला चिकटते आणि खालच्या ओळीतली उभी रेघ वरच्या ओळीच्या उकाराशी भांडते. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढू नये. बारीक आडव्या रेघा आधी जातात, आणि काचेवरच्या धुळीचा ठिपका एखाद्या अक्षरावर अनुस्वार होऊन बसतो.

मग तपासणी. ती तीन पायऱ्यांनी करावी, आणि शक्यतो प्रत करणाऱ्याने एकट्याने करू नये.

पहिली पायरी मोजणीची. प्रत्येक अर्ध्या ऋचेतल्या खालच्या रेघा किती आणि वरच्या किती, हे मूळ पुस्तकातून मोजून समासात पेन्सिलीने लिहावे. मग आपल्या प्रतीत तेवढ्याच आहेत का ते पाहावे. आपल्या एका शब्दापुरते म्हणायचे तर : खाली दोन, वर एक. गळालेली रेघ इथे पकडली जाते.

पण मोजणीला एक मर्यादा आहे. रेघ गळाली नाही, शेजारच्या अक्षरावर सरकली, तर आकडा जुळतो आणि चूक तशीच राहते. म्हणून दुसरी पायरी दोघांनी करावी. एकाने नवी प्रत हातात धरून एकेक अक्षर खुणेसह मोठ्याने सांगावे : "स खाली, ह कोरे, स्र वर, शी कोरे, र्षा खाली." दुसऱ्याने मूळ पुस्तकावर बोट ठेवून ऐकावे. 'कोरे' हा शब्दही तोंडाने उच्चारावा, गाळू नये. जे कोरे आहे तेही मुद्दाम कोरे आहे, याची आठवण त्याने राहते.

तिसऱ्या पायरीला प्रत शेवटच्या अक्षरापासून उलट्या दिशेने तपासावी. सूक्त पाठ असले की डोळा पानावर नसलेली रेघही पाहतो, स्मरणशक्तीच ती भरून काढते. उलट वाचताना स्मरणशक्तीला हे जमत नाही, मग डोळ्याला खरोखर पाहावे लागते. आपल्या पूर्वजांनी पद, क्रम, जटा, घन असे पाठ बांधले, त्यांत शब्दांची उलटसुलट गुंफण करून हीच दक्षता कानासाठी घेतलेली आहे.

आणि संशय आला तर? खालच्या रेघेनंतर एकाच शब्दात तीन कोरी अक्षरे ओळीने आली, किंवा वरच्या रेघेच्या आधी उदात्त सापडला नाही, तर थांबावे. पण नियमावरून स्वतः रेघ घालू नये. काही सामासिक शब्दांत खरोखर दोन उदात्त असतात. वाक्यातल्या काही क्रियापदांना आणि संबोधनांना उदात्तच नसतो. नियम आपल्याला शंका घ्यायला शिकवतो, दुरुस्तीचा अधिकार देत नाही. शंकेच्या जागी समासात खूण करावी, मूळ पुस्तक पाहावे, आणि परंपरेने शिकलेल्या वैदिकाला विचारावे. तोपर्यंत ती प्रत वाटू नये.

चाळीस प्रतींचे काय झाले

गुरुजी गेल्यावर मी सर्व प्रती परत मागितल्या. अडतीस आल्या. नवी प्रत करायला, तपासायला तीन आठवडे लागले. तपासणीला माझ्यासोबत एक निवृत्त शिक्षिका ताई बसत. "ह कोरे, शी कोरे" असे आम्ही म्हणत असू तेव्हा घरातली मुले हसत.

आमच्या पठणातल्या एका आजोबांनी मात्र जुनी प्रत त्या आठ महिन्यांत मुखोद्गत केली होती. वय ऐंशीच्या पुढचे. नवी प्रत दिली, आवाज वर कुठे न्यायचा ते दाखवले. ते प्रयत्न करीत, पण 'स्र'वर त्यांचा आवाज सपाटच राही. एकदा ते मला म्हणाले, "अरे, आता जे बसले ते बसले. तू वाईट वाटून घेऊ नकोस." त्यांनी मला क्षमा केली. पण मी उतरवलेली चूक त्यांच्या कंठात शेवटपर्यंत राहिली.

साधकहो, या आठवड्यात एवढेच करा. आपल्या घरचे पुरुषसूक्ताचे पान घ्या. पहिला शब्द पाहा. खाली दोन, वर एक, आणि दोन अक्षरे कोरी आहेत का? पान ऋग्वेदाचे असेल आणि हे जुळत नसेल, तर ते पान पुढे कुणाला देऊ नका. चांगल्या पुस्तकाशी पडताळा, आणि पेन्सिलीने का होईना, हरवलेली रेघ तिच्या जागी परत ओढा. पान पूर्ण शुद्ध करणे आज शक्य नसेल, तर त्यावर स्पष्ट लिहा : 'स्वर तपासलेले नाहीत.' हेही सत्यच आहे, आणि पुढे ज्याच्या हातात ते पान जाईल त्याला ते वाचवील.

हरिः ॐ